आठे शे म्हणजे आठशे नव्हे

अहिराणीत लिहिलेला निरोप दुसऱ्या मुलखातल्या मित्रासाठी साध्या प्रमाण मराठीत उतरवताना दोन प्रकारे फसता येते. एक, मित्राला निरोप कळत नाही. दोन, निरोप नीट कळतो, पण आपल्याला बोलावले आहे असे काही त्याला वाटत नाही. पहिल्या फसगतीची भीती सगळ्यांनाच असते, आणि तिच्यापासून पळताना माणूस बहुधा दुसरीच्या अंगणात जाऊन पडतो.

हा प्रश्न खांडबाऱ्यात पडतो तसा पुण्यात पडत नाही. खांडबारा हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातले, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे गाव. या भागात मावची, गुजराती आणि अहिराणी अशा तीन बोलींचे आवाज बाजाराच्या दिवशी एकाच मिरचीच्या ढिगाभोवती ऐकू येतात. शेजारच्या नवापूर स्थानकातून दोन राज्यांची सीमा जाते. तिथल्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असल्याने प्रवाशाने जरा सरकून बसले तरी राज्य बदलते. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला भाषा बदलणे अवघड जात नाही. अवघड जाते ते आपण ती बदललेली नाही हे ओळखणे. अहिराणी बोलणाऱ्याला आपण मराठीच बोलतो आहोत असे वाटत असते, आणि ते खोटे म्हणता येणार नाही. ग्रिअर्सनने मात्र 1907 साली भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न बसवता भिल्ली भाषांच्या खंडात बसवले. त्यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत. कोकणातल्या, समजा देवगडच्या, मित्राला हा वाद माहीत नसतो. निरोप वाचल्यावर तो ग्रिअर्सनच्या बाजूने झुकतो इतकेच.

उदाहरणासाठी एक निरोप घेऊ. खांडबाऱ्याच्या एका गृहस्थाच्या मुलीचे लग्न ठरले. नात्यातल्या मंडळींना पाठवलेला मजकूर त्याने आनंदाच्या भरात, तसाच, नाशिकला एकेकाळी बरोबर नोकरी केलेल्या देवगडच्या मित्रालाही पाठवला. मजकूर असा:

«राम राम भो! कसा शे? गंज दिन व्हई ग्यात, तुना काही पत्ताच नही. मनी आंडेरनं लगीन ठरनं. येत्या शुक्करवारले लगीन आठे शे, घरमाच. तुले येनंच पडी, नहीते मी तुनासंगे बोलाव नही. वहिनीले आनी पोऱ्यासले बी लई येजो. माय रोज पुसस, तो कोकणना पोऱ्या कवय येवाव शे? शेवभाजी भलती तिखट करसूत, डोयामा पानी ई तवय सांगजो. वाट दखी राहिनू.»

खानदेशातल्या कुणालाही यात न कळण्यासारखे काही नाही. देवगडच्या माणसाने मात्र तो दोनदा वाचला आणि त्यातून जे हाती लागले ते असे: काही तरी गंजले आहे; मनी नावाच्या मांजरीचे लग्न ठरले आहे; अंड्यांचा काही संबंध आहे; आकडा आठशे आहे; आणि भाजी भलतीच झाली आहे. लग्न मांजरीचे असल्याने अभिनंदन करावे की नाही, हा निर्णय त्याने दुपारपर्यंत लांबणीवर टाकला.

हा गोंधळ नेमका कुठून आला हे पाहण्यासारखे आहे, कारण दुरुस्तीला सुरुवात तिथूनच होते. माणसाला वाटते, अनोळखी शब्द त्रास देतात. तसे नसते. «आंडेर» म्हणजे मुलगी, हे मित्राला माहीत नव्हते; पण माहीत नसलेल्या शब्दापाशी वाचणारा थबकतो, फार तर विचारतो. घात होतो तो ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांनी. «गंज» हा शब्द त्याला येतोच, लोखंडावर चढणारा. अहिराणीत त्याचा अर्थ पुष्कळ. «भलती» म्हणजे खूप. प्रमाण मराठीत ती भलतीकडेच जाते. «मनी» म्हणजे माझी, पण उरलेल्या महाराष्ट्रात मनी दूध पिते. «लई येजो» म्हणजे घेऊन ये; कोल्हापूरकडच्या माणसाला त्यात ‘पुष्कळ ये’ असा उदार पण अशक्य सल्ला ऐकू येईल. आणि «शे» हे अहिराणीतले ‘आहे’, गुजरातीतल्या ‘छे’चे शेजारी, त्याच्या आधी ‘इथे’ या अर्थाचे «आठे» आले की लग्नाचे ठिकाण आणि आठशे हा आकडा यांच्यात फरक करणे पाहुण्याच्या कुवतीबाहेर जाते. म्हणून निरोप उतरवताना पहिली लाल रेघ अवघड दिसणाऱ्या शब्दांखाली ओढू नये. सोप्या दिसणाऱ्या शब्दांखाली ओढावी, आणि प्रत्येकापाशी विचारावे की हा शब्द देवगडातही आहे का, आणि असला तर तिथे तो काय काम करतो.

त्यानंतर येतात शब्दांच्या शेपट्या. अहिराणीत ‘मला’चे «माले» होते, ‘घरात’चे «घरमा», ‘कोकणचा’चे «कोकणना», ‘विचारते’चे «पुसस» आणि ‘ठरलं’चे «ठरनं». हे बदल नियमाने होतात, म्हणून हे काम यांत्रिक आहे आणि कंटाळा न करता शेवटपर्यंत नेले की झाले. अर्धवट सोडले तर निरोपात ‘माझ्या मुलीनं लगीन ठरलं’ असे वाक्य उरते आणि लग्न मुलीनेच परस्पर ठरवल्याची बातमी कोकणात पोहोचते. नियमात एका ठिकाणी मात्र जपावे लागते. «वहिनीले» याचे सरळ रूप ‘वहिनीला’ असे होते. प्रमाण मराठी आदर दाखवायला अनेकवचन वापरते, तेव्हा तिथे ‘वहिनींना’ हवे. अहिराणीत हा आदर बोलण्याच्या स्वरात असतो. लिहिताना तो अनुस्वारात ठेवावा लागतो. मित्राला अरेतुरे चालते, मित्राच्या बायकोला चालत नाही, आणि निरोप ती सुद्धा वाचते.

इथवर सगळे सुरळीत होते. खरी पंचाईत पुढे आहे.

मांजरीच्या लग्नाबद्दल विचारणा आल्यावर खांडबाऱ्याच्या गृहस्थाला आपली चूक कळली आणि त्याने ‘शुद्ध मराठी’त लिहायचे ठरवले. शुद्ध मराठी त्याला तीन ठिकाणी भेटली होती: शाळेच्या पुस्तकात, सरकारी सूचनेत आणि लग्नपत्रिकेत. घरात ती कधी कुणी बोलले नव्हते. त्यामुळे ‘शुद्ध’ म्हणताच त्याच्या हाताने आपोआप हे लिहिले:

«स. न. वि. वि. आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमच्या सुकन्येचा शुभविवाह येत्या शुक्रवारी आमच्या राहत्या घरी संपन्न होणार आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती. आपल्या आगमनाची प्रतीक्षा आहे.»

यात ऱ्हस्वदीर्घाचीही चूक नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत आणि हा मजकूर त्या अठरांपुढे ताठ मानेने उभा राहील. देवगडहून उत्तर आले, ‘आपले आभार. वधूवरांस शुभेच्छा,’ खाली जोडलेले हात, आणि संध्याकाळी फोनवरून पाचशे एक रुपये. उत्तर वाचून गृहस्थ दिवसभर खट्टू झाला. मित्राने त्याला ‘आपण’ म्हटले होते.

निरोप थंड झाला की नाही हे ओळखायची हीच खूण आहे. माणूस ज्या पाटावर बसवला जातो त्या पाटावरूनच उत्तर देतो. ‘तू’चे ‘आपण’ झाले, हात जोडले गेले, पैसे आले आणि ‘कसं यायचं?’ हा प्रश्न आला नाही, की समजावे की निमंत्रण पोहोचले आणि बोलावणे राहून गेले. येणारा माणूस पत्ता विचारतो. न येणारा शुभेच्छा देतो.

दोष प्रमाण भाषेचा नाही. तिच्या चुकीच्या खोलीतून शब्द आणले गेले. प्रमाण मराठीची एक दिवाणखान्यातली बाजू आहे आणि एक ओसरीवरची, आणि ओसरीवर ‘संपन्न होणार आहे’ असे कुणी म्हणत नाही, ‘आहे’ म्हणतात. ही ओसरीची मराठी खानदेशी माणसाला लिहिताना सुचत नाही कारण त्याच्या ओसरीवर अहिराणी बसलेली असते. तरी ती त्याला येत असते. नाशिकला देवगडच्या मित्राशी तो वर्षानुवर्षे हीच बोलला होता. एकाच्या ‘माले’ला आणि दुसऱ्याच्या ‘माका’ला मधला मार्ग म्हणून दोघांनी ‘मला’वर समझोता केला होता, आणि त्याच भाषेत एकमेकांकडून उसने पैसेही घेतले होते. म्हणून ‘शुद्ध कसे लिहायचे’ हा प्रश्नच टाळावा. नाशिकला चहाच्या टपरीवर हे आपण त्याला कसे सांगितले असते, एवढे आठवावे. हात लगेच सैल होतो.

आता मूळ निरोपातली ऊब नेमकी कुठे होती, हे वाक्यावाक्याने पाहायला हवे, कारण ती शब्दकोशात सापडत नाही. पहिली जागा «घरमाच». गृहस्थाने त्याचे ‘आमच्या राहत्या घरी’ केले. मराठीत ‘आमचे’ आणि ‘आपले’ या दोन शब्दांमध्ये एक दार आहे. ‘आमचे घर’ म्हटले की ऐकणारा दाराबाहेर राहतो. ‘आपले घर’ म्हटले की तो आत येतो. ही सोय जगातल्या पुष्कळ भाषांना नाही, मराठीला आहे, आणि तरी लग्नाच्या निमंत्रणात सगळे पाहुणे दाराबाहेरच उभे केले जातात. ‘आपल्या घरी’ एवढे दोन शब्द लिहिले तर निम्मे काम होते. फक्त वाक्यात मित्र ‘तू’ असला पाहिजे. तो ‘आपण’ असेल तर ‘आपल्या घरी’ म्हणजे लग्न देवगडला, असा अर्थ निघू शकतो.

दुसरी जागा «येजो». अहिराणीत ‘ये’ हा हुकूम आहे आणि «येजो» हा हुकूम नाही. त्यात ‘सवडीने, पण नक्की, विसरू नको’ असे सगळे मिळून असते. प्रमाण मराठीत या रूपाला जोड नाही. ‘ये’ म्हटले तर उर्मट, ‘यावे’ म्हटले तर पत्रिका, ‘येशील का’ म्हटले तर गृहस्थालाच खात्री नसल्यासारखे. त्यावर उपाय क्रियापदात शोधू नये, शेवटी एक ‘हं’ लावावा. ‘घेऊन ये हं’ हे «लई येजो»च्या सर्वांत जवळ जाते. असे चिल्लर शब्द, म्हणजे हं, ना, अरे, बरं का, लेखी मराठीत लोक केरासारखे झाडून टाकतात. निरोपाची निम्मी माया याच केरात असते.

तिसरी जागा म्हणजे धमकी, आणि हीच सर्वांत नाजूक. «नहीते मी तुनासंगे बोलाव नही» हे अहिराणीत ऐकताना कुणी घाबरत नाही. तेच प्रमाण मराठीत ‘न आल्यास मी तुझ्याशी बोलणार नाही’ असे झाले की त्याला वकिलाच्या नोटिशीचा वास येतो, कारण लेखी प्रमाण भाषेत माणसे बहुधा खरेच बोलणे बंद करायचे असते तेव्हाच असे लिहितात. बोलीतली लटकी धमकी लेखी भाषेत खरी वाटते. ती गाळावी असे कुणी सुचवेल. गाळू नये, कारण तीच खरी मागणी आहे. तिला एक शेपूट जोडावे: ‘नाही आलास तर तुझ्याशी बोलणार नाही, आत्ताच सांगतो.’ ‘आत्ताच सांगतो’ म्हणणारा माणूस रागावलेला नसतो, हे देवगडातही माहीत आहे. ‘न आल्यास’चे ‘नाही आलास तर’ करणेही विसरू नये. ‘न आल्यास’ हे रूप वीजबिलावर शोभते.

चौथी जागा माय. «माय रोज पुसस, तो कोकणना पोऱ्या कवय येवाव शे?» या वाक्याचे भाषांतर करण्याचा मोह होतो आणि तो आवरावा. माय प्रमाण मराठी बोलत नाही. तिच्या तोंडी ‘तो कोकणातला मुलगा कधी येणार आहे’ घातले तर देवगडच्या मित्राला डोळ्यापुढे कुणी तरी भलतीच बाई दिसेल, बहुधा शिक्षिका. तिचे वाक्य तिच्याच बोलीत ठेवावे. मात्र त्याच्या आधी ‘माय रोज विचारते’ असे साफ मराठीत यायला हवे, म्हणजे पुढे प्रश्न आहे आणि तो आपल्याबद्दल आहे एवढे मित्राला कळते. बाकी तो अंदाजाने लावतो. पूर्ण निरोपात बोलीचे असे एकच वाक्य ठेवावे. दोन ठेवली की पुन्हा आठशे अंडी येतात. «राम राम भो» हेही राहू द्यावे. नाशिकला याच हाकेवर तो मागे वळून बघत असे, आणि ‘प्रिय मित्रा’वर तो वळेल याची खात्री नाही.

पाचवी गोष्ट भाजीची. पदार्थाचे नाव बदलू नये, पण ओळख द्यावी. शेवभाजी म्हणजे शेव टाकलेली कोरडी भाजी असे समजून देवगडचा माणूस निर्धास्त येतो, आणि ताटात लाल तर्रीचा रस्सा पाहून त्याला मासे आठवतात. ‘शेवेची रस्साभाजी’ असे दोन शब्दांत सांगितले की इशारा पोहोचतो. तिखटाबद्दल फुशारकी मारलीच असेल तर सोबत दह्याचे आश्वासनही द्यावे. जेवणाच्या बाबतीत खानदेशी माणसाची माया आणि त्याची परीक्षा घेण्याची हौस एकाच वाटीत असते. परमुलखातल्या माणसाला ती वाटी वेगळी करून द्यावी लागते.

उरला पत्ता. मूळ निरोपात तो नव्हताच, कारण नात्यातल्या कुणाला खांडबारा कुठे आहे हे सांगावे लागत नाही. देवगडच्या माणसाला लागते, आणि इथे ऊबदार राहण्याची काही गरज नाही, नेमके राहावे. ‘स्टेशनवरून वर ये’ हे वाक्य फक्त त्याच गावात खरे असते. सुरतेकडून येताना नवापूर आधी, मग खांडबारा, मग नंदुरबार. सगळ्याच गाड्या खांडबाऱ्याला थांबतील असे धरून चालू नये. तेवढे लिहिले की पुरे.

या सगळ्यातून गृहस्थाने तिसऱ्यांदा लिहिलेला निरोप असा झाला:

«राम राम भो! कसा आहेस? किती दिवस झाले, तुझा काही पत्ताच नाही. अरे, माझ्या मुलीचं लग्न ठरलं! येत्या शुक्रवारी आहे, इथेच खांडबाऱ्याला, आपल्या घरी. तुला यावंच लागेल. नाही आलास तर तुझ्याशी बोलणार नाही, आत्ताच सांगतो. वहिनींना आणि पोरांनाही घेऊन ये हं. माय रोज विचारते, ‘तो कोकणना पोऱ्या कवय येवाव शे?’ तिला काय सांगू? शेवेची रस्साभाजी करणार आहोत, चांगली झणझणीत. डोळ्यांत पाणी आलं तर सांग, दही आहे. सुरतेकडून आलास तर नवापूरनंतर खांडबारा. गाडी इथे थांबत नसेल तर नवापूरला उतर, मी घ्यायला येतो. वाट बघतोय.»

मूळ निरोपापेक्षा हा लांब झाला आहे, आणि तो लांब होणारच. बोलीत जे स्वराने आणि शेपट्यांनी सांगितले जाते ते इथे ‘अरे’, ‘हं’, ‘आत्ताच सांगतो’ अशा सुट्या शब्दांनी भरून काढावे लागले. उलट पत्रिकेच्या थाटातला दुसरा मजकूर लहान होता, कारण त्यात कुणीच नव्हते. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघावा. घरातल्या कुणी ‘हे कोणाचं भाषण?’ असे विचारले तर अजून काम बाकी आहे.

मित्र नागपूरचा असता तर एवढा खटाटोप पडला नसता. वऱ्हाडाकडच्या बोलीतही ‘माले, तुले’ चालते आणि ‘वाट पाहून राहिलो’ असेच म्हणतात, त्यामुळे तिथल्या माणसाला «वाट दखी राहिनू» आपल्याच चुलतभावाने लिहिल्यासारखे वाटते. सुरतच्या मित्राला तर «घरमा» आणि «शे» बदलायचीही गरज नाही. म्हणजे किती उतरवायचे हे पाठवणाऱ्याच्या बोलीवर जितके असते त्याहून घेणाऱ्याच्या बोलीवर असते. सर्वांना पुरेल असा एकच शुद्ध मजकूर करून सगळीकडे पाठवणे ही लग्नपत्रिकेची पद्धत झाली. मावचीत लिहिणाऱ्याला मात्र या सवलतींपैकी फारशी कोणतीच मिळत नाही. त्याला बहुतेक वाक्ये मुळापासूनच मांडावी लागतात.

देवगडहून तिसऱ्या निरोपाला उत्तर यायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मित्रही आता आनंदाच्या भरात होता, त्यामुळे त्याने प्रमाण मराठी बाजूला ठेवली होती: «आमी सगळी येतलंव! आंब्याची पेटी हाडतंय. पण तिखट माका चलना नाय हां.» खांडबाऱ्याच्या गृहस्थाला येणे कळले, आंबे कळले. «हाडतंय» वाचून पेटीत हाडे कशाला, असा प्रश्न पडला. आणि «चलना» हे अहिराणी कानाला ‘चालला’सारखे ऐकू येत असल्याने, तिखट चालले म्हणतोय, असा त्याने अर्थ लावला आणि मिरची पाव किलो वाढवली.